अ‍ॅनिमल फार्म : कोणता प्राणी कोणाच्या जागी

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही छोटी कादंबरी १७ ऑगस्ट १९४५ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधल्या एका शेतावरची जनावरे दारुड्या मालकाला हाकलून लावतात, कारभार आपल्या हाती घेतात आणि काही वर्षांतच डुकरांच्या रूपाने नवे मालक त्यांच्या मानेवर बसतात, असे तिचे कथानक आहे. या कथानकामागे १९१७ ची रशियन क्रांती आणि त्यानंतरची सुमारे पंचवीस वर्षे उभी आहेत. कॉलेजात हे पुस्तक अभ्यासाला असले की वहीत पहिल्यांदा एक तक्ता तयार होतो : नेपोलियन म्हणजे स्टॅलिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, बॉक्सर म्हणजे कामगार, कुत्रे म्हणजे गुप्त पोलीस. हा तक्ता चुकीचा नाही, पण त्यातून अर्धेच उत्तर मिळते. एखाद्या गटासाठी तोच प्राणी का निवडला, हे तक्ता सांगत नाही. आणि ऑर्वेल यांचे म्हणणे तर त्या निवडीतच आहे.

ऑर्वेल यांचे खरे नाव एरिक ब्लेअर. त्यांचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतिहारीचा. ते समाजवादी होते आणि शेवटपर्यंत समाजवादीच राहिले. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात ते फॅसिस्टांविरुद्ध लढत असताना त्यांच्याच बाजूच्या सोव्हिएत-धार्जिण्या कम्युनिस्टांनी इतर डाव्या गटांची धरपकड सुरू केली. त्यातून ते आणि त्यांची पत्नी जेमतेम निसटले. क्रांतीच्या नावाने उभी राहिलेली सत्ता क्रांतिकारकांनाच कशी खाते, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. ‘अ‍ॅनिमल फार्म’ त्यांनी नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ या काळात लिहिली. तेव्हा रशिया ब्रिटनचा दोस्त होता आणि स्टॅलिनवर टीका करणे ब्रिटनमध्ये फारसे कोणाला रुचत नव्हते.

व्यक्ती थोड्या, गट पुष्कळ

पंचतंत्र किंवा इसापनीतीत प्राणी हा स्वभावाचा नमुना असतो. कोल्हा धूर्त, गाढव मूर्ख, सिंह बलवान. अशा गोष्टीतला कोल्हा कोणत्याही काळातल्या, कोणत्याही देशातल्या धूर्त माणसाला लागू पडतो. ‘अ‍ॅनिमल फार्म’मध्ये मात्र प्राणी स्वभावापेक्षा समाजातले स्थान दाखवतो. कष्ट कोण करतो, पहारा कोण देतो, अंडी-दूध कोण देते आणि ते शेवटी कोणाच्या पोटात जाते, यावरून त्याची ओळख ठरते.

विशिष्ट माणसाशी थेट जुळणारी पात्रे मोजकीच आहेत. हाकलला गेलेला मालक जोन्स म्हणजे झार दुसरा निकोलस. बंडाचे स्वप्न सांगून मरणारा म्हातारा डुक्कर ओल्ड मेजर म्हणजे प्रामुख्याने कार्ल मार्क्स. नेपोलियन म्हणजे स्टॅलिन आणि स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की. बाकीचे जवळजवळ सगळे प्राणी एकेका समाजगटाच्या वतीने उभे आहेत. त्यांची ओळख पटवायला तीन प्रश्न पुरतात : बंडापूर्वी हा प्राणी कोणासाठी काय करत होता? बंडानंतर त्याला काय मिळाले आणि त्याचे काय गेले? आणि शेवटी त्याची गत काय झाली?

डुकरे : कारभार हाती घेणारा पक्ष

डुकरे हा बोल्शेविक पक्ष, आणि पुढे त्याच पक्षातून तयार झालेला सत्ताधारी अधिकारीवर्ग. बंडाआधी ती कष्टाची कामे करत नव्हती. मेजरच्या शिकवणुकीतून त्यांनी एक पद्धतशीर विचारसरणी रचली आणि ती लिहायला-वाचायला शिकली. बंडानंतर ती स्वतः कामाला हात लावत नाहीत, इतरांकडून कामे करून घेतात. अक्षर आणि हिशेब या दोन गोष्टी त्यांच्या हातात आहेत. भिंतीवर रंगवलेल्या सात आज्ञा त्यांनीच लिहिलेल्या असतात, आणि म्हणूनच पुढे रात्रीच्या अंधारात एकेक शब्द घालून त्या बदलणेही त्यांनाच जमते.

त्यांच्यातल्या स्क्वीलरचे काम बोलण्याचे आहे. काही अभ्यासक त्याला परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांच्याशी जोडतात, पण ‘प्रावदा’ हे पक्षाचे मुखपत्र आणि सरकारी प्रचाराची सगळी यंत्रणा असे मानले तर तो अधिक नीट कळतो. अन्न कमी झाले की तो वाढलेले आकडे वाचून दाखवतो. कोणी शंका काढली की जोन्स परत यावा असे वाटते का, एवढाच उलटा प्रश्न टाकतो.

या गटाची सारी गोष्ट दूध आणि सफरचंदांच्या प्रसंगात आधीच सांगून झालेली आहे. बंडाच्या पहिल्याच दिवशी गाईंचे पाच बादल्या दूध निघते. सगळे गवत कापायला जातात आणि संध्याकाळी परततात तेव्हा दूध नाहीसे झालेले असते. पुढे कळते की ते रोज डुकरांच्या खाण्यात मिसळले जाते. मग झाडाखाली पडलेली सफरचंदेही त्यांच्याकडे जातात. डोक्याचे काम करणाऱ्यांना हे खाणे औषधासारखे घ्यावे लागते, असे स्क्वीलर समजावतो आणि इतर जनावरे गप्प बसतात. कथेला कलाटणी मिळते ती इथेच, असे ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये अमेरिकन लेखक ड्वाइट मॅकडोनाल्ड यांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले आणि त्या ठिकाणी क्रॉनस्टाटचे नाव घेतले. मार्च १९२१ मध्ये क्रॉनस्टाट बंदरातल्या खलाशांनी बोल्शेविक सरकारविरुद्ध उठाव केला होता. हेच खलाशी १९१७ मध्ये क्रांतीच्या आघाडीवर होते. गुप्त मतदानाने नव्या निवडणुका, भाषणस्वातंत्र्य आणि सर्व कष्टकऱ्यांना सारखा शिधा अशा त्यांच्या मागण्या होत्या. सरकारने उठाव लष्कराकरवी चिरडला. ऑर्वेल यांच्या मते इतर जनावरांनी दुधाच्या प्रश्नावरच पाय रोवले असते, तर पुढचे सारे टळले असते.

कुत्रे आणि मेंढ्या : दहशत आणि गलका

नेपोलियन नऊ पिल्ले त्यांच्या आयांपासून तोडतो, शिक्षणाच्या नावाखाली माळ्यावर ठेवतो आणि कोणाच्याही नजरेस पडू देत नाही. स्नोबॉल पवनचक्कीच्या योजनेवर सभा जिंकणार असे दिसताच ती पिल्ले धिप्पाड कुत्रे होऊन बाहेर पडतात आणि स्नोबॉलला शेताबाहेर पळवून लावतात. सोव्हिएत गुप्त पोलिसांची पहिली संघटना ‘चेका’ डिसेंबर १९१७ मध्ये निघाली. तिचे नाव पुढे दोन-तीनदा बदलले आणि १९३४ पासून तिचे काम एनकेव्हीडीकडे गेले. ट्रॉट्स्की यांची १९२७ मध्ये पक्षातून हकालपट्टी झाली, १९२९ मध्ये त्यांना देशाबाहेर काढले आणि १९४० मध्ये मेक्सिकोत त्यांचा खून झाला.

इथे ऑर्वेल एक बारीक गोष्ट नोंदवतात. जोन्सचे जुने कुत्रे त्याच्यापुढे जशी शेपटी हलवत, तशीच हे नवे कुत्रे नेपोलियनपुढे हलवतात. झारच्या काळातही गुप्त पोलीस होते. मालक बदलला तरी कुत्र्याचे नाते मालकाशीच राहते, हे सांगायला कुत्र्याइतका योग्य प्राणी दुसरा नाही.

मेंढ्या कोणाला चावत नाहीत, पण कुत्र्यांइतक्याच नेपोलियनच्या उपयोगी पडतात. सात आज्ञा त्यांना पाठ होत नाहीत, म्हणून स्नोबॉल त्यांच्यासाठी एक छोटी घोषणा करून देतो. सभेत कोणी नेमका प्रश्न विचारायला उभे राहिले की मेंढ्या ती घोषणा इतका वेळ ओरडत राहतात की बोलणे अशक्य होते. राजकारणाची तालीम नसलेला, शिकवलेले वाक्य म्हणणारा जमाव म्हणजे मेंढ्या. शेवटी स्क्वीलर त्यांना आठवडाभर बाजूला नेऊन उलट अर्थाची घोषणा शिकवतो आणि त्या तीही तितक्याच जोरात म्हणतात. पक्षाची भूमिका एका रात्रीत उलटी झाली तरी जयघोष चालूच राहतो, हे त्या काळात रशियात आणि रशियाबाहेरही अनेकदा घडले होते.

बॉक्सर आणि मॉली : दोन घोडे, दोन वर्ग

बॉक्सर हा गाडीचा प्रचंड घोडा म्हणजे रशियाचा कामगारवर्ग. दोन घोड्यांचे बळ त्याच्या एकट्याच्या अंगी आहे. वर्णमालेतली पहिली चार अक्षरेच त्याला येतात. प्रत्येक अडचणीवर त्याची दोन उत्तरे ठरलेली : स्वतः आणखी काम करायचे आणि नेपोलियन म्हणेल ते खरे मानायचे. सगळ्यांच्या आधी अर्धा तास उठवायला तो कोंबड्याला सांगून ठेवतो. १९३५ च्या ऑगस्टअखेर अलेक्सेई स्ताखानोव्ह या खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचे जाहीर झाले. ठरलेले काम सात टनांचे होते. त्याच्या नावाने देशभर मोहीम निघाली आणि पुढच्या वर्षी सर्वच कामगारांची ठरलेली कामे वाढवण्यात आली. बॉक्सरच्या पहाटेच्या कामामागे ही मोहीम दिसते.

बॉक्सरचा सर्वांत बोलका प्रसंग मात्र कामाचा नाही. कबुलीजबाबांच्या दिवशी तीन कुत्रे त्याच्यावर झडप घालतात. तो एकाला हवेतच खुराने अडवून जमिनीवर दाबून धरतो. कुत्रा जिवाच्या आकांताने ओरडतो, बाकीचे दोन शेपूट घालून पळतात. मग बॉक्सर नेपोलियनकडे पाहतो : याला चिरडू की सोडू? नेपोलियन सोडायला सांगतो आणि बॉक्सर खूर उचलतो. ताकद त्याच्याकडे होती, त्या घटकेला ती सिद्धही झाली होती, पण ती वापरायची परवानगी त्याने ज्याच्याविरुद्ध वापरायची त्यालाच विचारली. कामगारांविषयी ऑर्वेल यांना मनापासून आदर होता आणि त्यांच्या आंधळ्या निष्ठेची तितकीच चिंता वाटत होती. दोन्ही गोष्टी या एका प्रसंगात आहेत. पुढे बॉक्सर काम करता करता कोसळतो तेव्हा त्याला दवाखान्यात नेत असल्याचे सांगून घोडे मारून सरस उकळणाऱ्याच्या गाडीत घालतात, आणि थोड्याच दिवसांत डुकरांच्या घरी दारूची पेटी येते.

मॉली ही पांढरी, नखरेल घोडी. बंडानंतर साखर मिळेल का, आयाळीत फिती बांधता येतील का, हे तिचे प्रश्न. काही महिन्यांत ती शेत सोडते आणि गावातल्या एका दारू दुकानदाराच्या छोट्या गाडीला जुंपलेली, लाल फीत बांधलेली दिसते. क्रांतीनंतर दहा लाखांहून अधिक लोक रशिया सोडून बर्लिन, पॅरिस आणि इतरत्र गेले. मॉली त्यांची प्रतिनिधी आहे, हे तक्त्यात लिहिलेले असतेच. पण तिच्याबाबत एक गोष्ट बहुधा निसटते. मॉली ही मालक नाही. जुन्या व्यवस्थेत ती जोन्सची गाडी ओढत होती आणि पळून गेल्यावरही गाडीच ओढते. जमीनदार आणि राजघराणे हे या कथेत माणसांच्या बाजूला आहेत. मॉली म्हणजे जुन्या व्यवस्थेत चाकरीच करणारा, पण तिच्या सावलीत सुखाने राहणारा वर्ग. तिला प्राणी ठेवून ऑर्वेल यांनी हा फरक नेमका जपला आहे.

कोंबड्या : एक उदाहरण सविस्तर

प्राण्यामागचा गट कसा शोधायचा, हे कोंबड्यांच्या प्रसंगावरून उत्तम दिसते. प्रसंग सातव्या प्रकरणातला आहे. कडाक्याचा हिवाळा, दाणा संपत आलेला. बाहेरच्या जगाला उपासमार कळू नये म्हणून नेपोलियन कोठीतल्या पेट्या वाळूने भरून वर धान्याचा थर पसरायला लावतो आणि मध्यस्थ व्हिंपरला त्या सहज दिसतील अशी व्यवस्था करतो. मग जाहीर होते की धान्य विकत घेण्यासाठी दर आठवड्याला ४०० अंडी बाहेर पाठवायची आहेत. कोंबड्या वसंतातल्या उबवणीची तयारी करत असतात. अंडी नेणे म्हणजे पिल्लांचा खून, असे त्या म्हणतात. तीन तरुण काळ्या कोंबड्यांच्या पुढाकाराने त्या आढ्यावर उडून बसतात आणि तिथूनच अंडी घालतात, म्हणजे ती खाली पडून फुटतात. नेपोलियन त्यांचा दाणा बंद करतो. कोंबडीला एक दाणा जरी कोणी दिला तरी मृत्युदंड, असे फर्मान निघते आणि त्यावर कुत्र्यांचा पहारा बसतो. पाच दिवस कोंबड्या तग धरतात, मग खाली उतरून खुराड्यात जातात. तोवर नऊ मेलेल्या असतात. त्या रोगाने मेल्या असे सांगून त्यांना फळबागेत पुरले जाते. व्हिंपरला काहीच कळत नाही. अंडी ठरल्याप्रमाणे जातात.

आता तीन प्रश्न लावून पाहावेत. बंडापूर्वी कोंबड्या काय करत होत्या? मालकासाठी अंडी घालत होत्या, म्हणजे त्या उत्पादक आहेत. बंडानंतर त्यांना काय मिळाले? स्वतःच्या अंड्यांवरचा हक्क. रशियन शेतकऱ्याला १९१७ मध्ये जमीनदारांची जमीन मिळाली, तेच हे. आणि त्यांचे गेले काय? तोच हक्क. १९२९ च्या अखेरीपासून स्टॅलिन सरकारने सामुदायिक शेतीची सक्ती केली आणि गावागावांतून धान्य उचलले. यंत्रसामग्रीसाठी परदेशी चलन हवे होते, म्हणून १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत दर वर्षी सुमारे पन्नास लाख टन धान्य निर्यात झाले. जनावरे सामुदायिक शेताच्या ताब्यात देण्यापेक्षा शेतकऱ्यांनी ती स्वतःच कापली. चार-पाच वर्षांत देशातली गुरे निम्म्याच्या आसपास उरली. आपल्या हातची गोष्ट आपणच नष्ट करायची, पण ती हिसकावून घेऊ द्यायची नाही, हे आढ्यावरून अंडी फोडण्याचे मूळ.

शेवटची गतही जुळते. १९३२ च्या अखेरीस युक्रेनमध्ये धान्याचा वाटा पुरा न करणाऱ्या गावांना काळ्या यादीत टाकून तिथला मालपुरवठा तोडण्यात आला. जानेवारी १९३३ मध्ये उपाशी शेतकऱ्यांना तो भाग सोडून जाण्यालाही बंदी झाली. त्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली आणि सरकारने परदेशी पाहुण्यांपुढे दुष्काळ असल्याचेच नाकारले. कथेतला बंद केलेला दाणा, एका दाण्यासाठी मृत्युदंड, वाळूवरचे धान्य आणि खोटे रोगनिदान या चारही गोष्टींना इतिहासात जोड आहे. त्याच प्रकरणात पुढे एक हंस पुढे येऊन मागच्या सुगीत सहा कणसे लपवल्याची कबुली देतो आणि मारला जातो. सामुदायिक शेतातले धान्य उचलणाऱ्याला मृत्यूपर्यंत शिक्षा देणारा कायदा सोव्हिएत सरकारने ऑगस्ट १९३२ मध्ये केला होता. लोक त्याला कणसांचा कायदा म्हणत.

एवढे जुळल्यावर कोंबड्यांपुढे तक्त्यात ‘कुलक’ असे लिहिले जाते. कुलक म्हणजे श्रीमंत, इतरांना राबवून घेणारा शेतकरी, असे सोव्हिएत सरकार सांगत असे. पण ऑर्वेल यांच्या कोंबड्या श्रीमंत नाहीत. त्यांच्याकडे अंड्यांपलीकडे काहीच नाही आणि त्या कोणाला राबवत नाहीत. सरकारने ज्याला शोषक म्हटले, त्याला लेखकाने शेतावरचा सर्वांत दुबळा प्राणी केले. म्हणजे इथे इतिहासातला गट दाखवून ऑर्वेल थांबलेले नाहीत. त्या गटावर सरकारने मारलेला शिक्का त्यांनी पुसून टाकला आहे. प्राण्याची निवड हेच लेखकाचे मत, ते असे.

डोमकावळा, गाढव आणि कबुतरे

मोझेस हा पाळलेला डोमकावळा जोन्सचा लाडका आणि चुगलखोर. मेल्यावर जनावरे ढगांपलीकडच्या साखरेच्या डोंगरावर जातात, अशी कथा तो सांगतो. काम काही करत नाही. हे रशियाचे ऑर्थोडॉक्स चर्च. बंडानंतर तो उडून जातो आणि बऱ्याच वर्षांनी परत येऊन तीच कथा सांगू लागतो. त्या साऱ्या थापा आहेत असे डुकरे म्हणतात, पण त्याला राहू देतात आणि रोज थोडी बीअरही देतात. सप्टेंबर १९४३ मध्ये स्टॅलिन यांनी चर्चच्या तीन ज्येष्ठ धर्मगुरूंना भेटीला बोलावले आणि अनेक वर्षे रिकामे असलेले प्रमुख धर्मगुरूचे पद भरायला परवानगी दिली. युद्धकाळात लोकांना धीर देणारे कोणीतरी हवे होते. ऑर्वेल यांनी पुस्तक लिहायला घेतले ते त्यानंतर दोनच महिन्यांनी, म्हणजे ही ताजी बातमी होती.

कबुतरे म्हणजे इतर देशांत क्रांतीचा प्रचार करणारी ‘कॉमिन्टर्न’ ही संघटना. शेजारच्या शेतांवर बंडाची गोष्ट पोहोचवणे हे त्यांचे काम. नेपोलियनचा फ्रेडरिकशी सौदा होताच कालपर्यंत फ्रेडरिकविरुद्ध असलेली घोषणा त्यांना पिल्किंग्टनविरुद्ध करायला लावतात. २३ ऑगस्ट १९३९ च्या हिटलर-स्टॅलिन करारानंतर देशोदेशींच्या कम्युनिस्ट पक्षांना आपली भूमिका अशीच फिरवावी लागली.

बेंजामिन हे गाढव मात्र कोणत्याही एका गटात नीट बसत नाही. त्याला डुकरांइतके चांगले वाचता येते, पण तो वाचत नाही. काही बदलणार नाही असे मानून गप्प राहतो. सगळे ओळखूनही न बोललेले सुशिक्षित लोक असा त्याचा अर्थ लावता येतो. बॉक्सरला नेणाऱ्या गाडीवरची अक्षरे तो पहिल्यांदा मोठ्याने वाचतो तेव्हा वेळ टळून गेलेली असते.

माणसे : शेजारची शेते म्हणजे शेजारचे देश

बेफिकीर पिल्किंग्टनचे फॉक्सवुड म्हणजे ब्रिटन आणि पाश्चात्त्य दोस्त राष्ट्रे. कडव्या फ्रेडरिकचे पिंचफील्ड म्हणजे जर्मनी. फ्रेडरिक लाकडाची किंमत खोट्या नोटांनी देतो आणि मग शेतावर हल्ला करून पवनचक्की सुरुंगाने उडवतो. हा करार आणि त्यानंतरचे २२ जून १९४१ चे जर्मन आक्रमण. शेवटच्या प्रकरणातली डुकरे आणि माणसे यांची मेजवानी म्हणजे १९४३ च्या नोव्हेंबरअखेरीस तेहरानमध्ये भरलेली स्टॅलिन, चर्चिल आणि रूझवेल्ट यांची परिषद. त्या परिषदेने दोस्तांचे संबंध सुधारले असे सगळे म्हणत होते. ते टिकणार नाहीत असे ऑर्वेल यांना वाटत होते, म्हणून त्यांनी मेजवानीचा शेवट पत्त्यांवरून झालेल्या भांडणात केला.

चक्की उडते त्या क्षणाबाबत एक दुरुस्ती प्रसिद्ध आहे. मूळ मजकुरात स्फोट होताच नेपोलियनसह सगळे जमिनीवर पालथे पडतात, असे होते. मार्च १९४५ मध्ये ऑर्वेल यांनी प्रकाशकांना कळवून ते ‘नेपोलियन सोडून सगळे’ असे करून घेतले. जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्या तेव्हा स्टॅलिन शहर सोडून गेले नव्हते आणि त्याबाबत त्यांच्यावर अन्याय होऊ नये, हे कारण. ज्याच्यावर सारे पुस्तक रोखलेले आहे त्याच्या बाबतीतही लेखकाने घटनेशी प्रामाणिक राहायचे ठरवले होते.

जुळणी कुठे थांबते

प्रत्येक घटना कालक्रमाने जुळवायला गेले की अडचण येते. दुधाचा प्रसंग गोठ्याच्या लढाईच्या आधी येतो; क्रॉनस्टाटचा उठाव मात्र यादवी युद्ध जवळपास संपल्यानंतरचा आहे. १९४७ च्या युक्रेनियन आवृत्तीच्या प्रस्तावनेत ऑर्वेल यांनीच सांगितले की घटना खऱ्या इतिहासातल्या असल्या तरी त्यांचा क्रम कथेच्या सोयीने बदललेला आहे.

दुसरी अडचण लेनिन यांची. १९१७ च्या क्रांतीचा हा प्रमुख नेता कथेत स्वतंत्रपणे नाहीच. मेजरची कवटी उकरून काढून खांबावर ठेवतात आणि जनावरांना दर रविवारी तिच्यासमोरून आदराने जायला लावतात. त्यात मॉस्कोत जतन केलेल्या लेनिन यांच्या देहाची आठवण आहे. पण क्रांतीनंतर राज्य चालवणारे लेनिन कोणत्याही डुकरात दिसत नाहीत. त्यामुळे बिघाड स्टॅलिन यांच्यापासून सुरू झाला की त्याच्या आधीच, हा प्रश्न कथा थेट सोडवत नाही. दुधाचा प्रसंग पाहता ऑर्वेल यांचा कल ‘आधीच’ या उत्तराकडे आहे. दूध नाहीसे झाले तेव्हा स्नोबॉलही शेतावरच होता आणि दूध-सफरचंदांच्या वाटणीवर त्याचे नेपोलियनशी पूर्ण एकमत होते.

तिसरी मर्यादा डुकरांबाबतची. डुकरे जन्मतःच हुशार आहेत, मग त्यांनी राज्य केले तर बिघडले कुठे, असा प्रश्न वाचकाला पडू शकतो. ‘फेबर’ या प्रकाशनसंस्थेकडे पुस्तक आले तेव्हा कवी टी. एस. एलियट यांनी ते नाकारताना जवळपास हाच मुद्दा मांडला होता : शेत चालवायला डुकरेच सर्वांत लायक, फक्त ती अधिक लोकहितदक्ष असायला हवी होती. माणसांतले वर्ग दाखवायला वेगवेगळ्या जातींचे प्राणी घेतले की जन्मजात फरकाचा भास होतोच. या रूपकाचा हा खरा कच्चा दुवा आहे.

त्याआधी जोनाथन केप या प्रकाशकांनी माहिती मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून पुस्तक परत केले होते. गोष्ट कोणत्याही हुकूमशाहीविषयी असती तर चालली असती, पण ती सरळ रशियाला लागू पडते. त्यातही सत्ताधाऱ्यांसाठी डुक्कर हा प्राणी निवडल्याने रशियन लोक दुखावतील, असे त्यांनी कळवले. हा अधिकारी सोव्हिएत हस्तक होता, असे पुढे उघड झाले.

केप यांनी पुस्तक नाकारले, पण वाचले मात्र अचूक. त्यांचा आक्षेप नेमका प्राण्याच्या निवडीवर होता. म्हणून हे पुस्तक अभ्यासताना ‘प्राणी’ आणि ‘गट’ या दोन रकान्यांच्या पुढे तिसरा रकाना आखावा आणि तो गट स्वतःला काय म्हणवत होता, सरकार त्याला काय म्हणत होते आणि ऑर्वेल यांनी त्याला कोणता प्राणी केले, हे त्यात लिहावे. परीक्षेत पहिल्या दोन रकान्यांना गुण मिळतात. पुस्तक कळते ते तिसऱ्यातून.